१९ मिलिमीटर म्हणजे किती?

लघवीच्या कल्चरचा एक रिपोर्ट डोळ्यांपुढे आणू या. जंतूचं नाव ई. कोलाय. खाली आठ अँटिबायोटिक्स आणि प्रत्येकासमोर मिलिमीटरमधला एक आकडा. मेरोपेनेम २७, सेफ्ट्रायअ‍ॅक्सोन १२, सिप्रोफ्लॉक्सॅसिन २३, पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम २२, जेंटामायसिन १९, नायट्रोफ्युरँटॉइन १९, फॉस्फोमायसिन २१ आणि को-ट्रायमॉक्सझोल ६. नव्याने रुजू झालेल्या रेसिडेंटची नजर हा कागद हातात येताच सहसा सर्वांत मोठ्या आकड्यावर जाऊन थांबते. सत्तावीस! म्हणजे मेरोपेनेम सगळ्यांत जोरदार, तेच लिहून टाकावं, असा हिशोब तो मनाशी करतो. हिशोब चुकतो तो इथेच.

जेंटामायसिनसमोर १९ आहे आणि रिपोर्ट सांगतो की, हा जंतू जेंटामायसिनला ‘सेन्सिटिव्ह’ आहे. याच जंतूसमोर मेरोपेनेमचा आकडा १९ असता, तर रिपोर्टवर ‘रेझिस्टंट’ असं छापून आलं असतं. मिलिमीटर तेच, पट्टी तीच, अर्थ मात्र उलटा. हे कसं, ते कळायला रिपोर्ट छापला जाण्याच्या आदल्या दिवशी मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये काय चाललेलं असतं ते पाहायला हवं.

तिथे म्युलर-हिंटन अगारची एक प्लेट असते. अगारचा थर ४ मिलिमीटर जाडीचा. रुग्णाच्या नमुन्यातून वाढवलेल्या जंतूंच्या काही वसाहती सलाइनमध्ये कालवून ते पाणी एका ठरावीक गढूळपणाला आणतात. या गढूळपणाला ०.५ मॅकफार्लंड म्हणतात. त्यात मिलिलिटरमागे साधारण पंधरा कोटी जंतू असतात. पाव तासाच्या आत कापसाच्या स्वॅबने हे पाणी सगळ्या प्लेटवर सारखं फिरवायचं, त्यावर औषधात भिजवून वाळवलेल्या कागदाच्या छोट्या चकत्या ठेवायच्या आणि प्लेट ३५ अंश सेल्सिअसला रात्रभर ठेवायची. सकाळपर्यंत प्लेटवर जंतूंची दाट साय धरते आणि काही चकत्यांभोवती स्वच्छ गोल मोकळे राहतात. टेक्निशियन प्लेट काळ्या कागदावर उपडी धरतो आणि पट्टीने किंवा कॅलिपरने त्या गोलाचा व्यास मोजतो. चकती ६ मिलिमीटरची असते आणि तिच्यासकट मोजतात. म्हणून आपल्या रिपोर्टमध्ये को-ट्रायमॉक्सझोलसमोर जो ६ आहे, त्याचा अर्थ जंतू चकतीला खेटून वाढले, मोकळी जागा शून्य.

ही पद्धत आज जगभर कर्बी-बाउअर या नावाने ओळखली जाते. अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या बाउअर, कर्बी, शेरिस आणि टर्क यांनी ती १९६६ मध्ये नीट बांधून प्रसिद्ध केली. त्याआधीही चकत्या ठेवल्या जात, पण प्रत्येक लॅबचा अगार वेगळा, जंतूंचं प्रमाण वेगळं, चकतीतलं औषध वेगळं. त्यामुळे एका लॅबचा आकडा दुसरीच्या कामाचा नसे.

तो मोकळा गोल तयार होतो एका शर्यतीतून. चकती ओली होताच औषध अगारमध्ये पसरू लागतं. चकतीजवळ ते दाट असतं, जसजसं लांब जावं तसतसं झपाट्याने विरळ होतं. त्याच वेळी जंतूही वाढत असतात. वाढ दाट होण्याच्या घटकेला जिथपर्यंत पुरेसं औषध पोचलेलं असतं, तिथे गोलाची कड ठरते. म्हणजे कड कुठे पडेल हे फक्त जंतूच्या चिवटपणावर अवलंबून नसतं. औषधाचा रेणू केवढा, तो अगारमधून किती सहज सरकतो आणि चकतीत मुळात किती औषध घातलंय, यावरही ते ठरतं. नायट्रोफ्युरँटॉइनच्या चकतीत ३०० मायक्रोग्रॅम औषध असतं, मेरोपेनेमच्या चकतीत १०. अशा दोन गोलांचे व्यास शेजारी ठेवून तुलना करण्याला काही अर्थच उरत नाही.

त्यामुळे प्रत्येक औषधाची स्वतःची सीमारेषा ठरवलेली असते. तिला ब्रेकपॉइंट म्हणतात. एखाद्या परीक्षेत प्रत्येक विषयाचे पास होण्याचे गुण निराळे असावेत, तसं हे आहे: गुणपत्रिकेवरचा आकडा त्याच विषयाच्या रेषेशी ताडायचा, शेजारच्या विषयाशी नाही. अमेरिकेतली सीएलएसआय ही संस्था दर वर्षी हे तक्ते काढते आणि भारतातल्या बऱ्याच लॅब तेच वापरतात. युरोपचे तक्ते युकास्ट काढते. सीएलएसआयच्या अलीकडच्या तक्त्यात ई. कोलायसाठी मेरोपेनेमची रेषा २३ मिलिमीटर किंवा जास्त असेल तर सेन्सिटिव्ह, १९ किंवा कमी असेल तर रेझिस्टंट अशी आहे. जेंटामायसिनला १८ पुरतात, नायट्रोफ्युरँटॉइनला १७, फॉस्फोमायसिनला १६. सिप्रोफ्लॉक्सॅसिनला मात्र २६ लागतात. आपल्या रिपोर्टमधला सिप्रोचा २३ हा जेंटाच्या १९ पेक्षा मोठा दिसत असला तरी तो ‘इंटरमीडिएट’मध्ये अडकतो.

या रेषाही कायमच्या नसतात. सिप्रोचा हाच २३ मिलिमीटरचा गोल २०१८ साली सेन्सिटिव्ह म्हणून छापला गेला असता, कारण तेव्हा २१ पुरत होते. पण नेहमीच्या डोसमध्ये शरीरात मिळणारं औषध अशा जंतूंना पुरत नाही, हे पुराव्यांवरून दिसत गेलं आणि २०१९ मध्ये रेषा वर सरकली. जेंटामायसिनची रेषाही २०२३ मध्ये १५ वरून १८ वर गेली. म्हणून रिपोर्टच्या तळाशी कोणत्या संस्थेचा आणि कोणत्या वर्षाचा तक्ता वापरला आहे, ते बघण्याची सवय लावून घ्यावी. जुना तक्ता वापरणारी लॅब त्याच प्लेटवरून वेगळं अक्षर छापते. ‘आय’ या अक्षराचा अर्थही तक्त्यानुसार बदलतो. युकास्टने २०१९ पासून ‘आय’चा अर्थ ‘डोस वाढवला तर सेन्सिटिव्ह’ असा ठरवला आहे. सीएलएसआय त्यासाठी काही औषधांना ‘डोसवर अवलंबून सेन्सिटिव्ह’ असा निराळा गट देते. आपल्या रिपोर्टमधला पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टमचा २२ या गटात मोडतो.

आता हा रिपोर्ट कोणाचा आहे ते पाहू. समजा, तो एका बत्तीस वर्षांच्या शिक्षिकेचा आहे. दोन दिवस लघवीला जळजळ, सारखं जावं लागतं, पण ताप नाही, कंबरेत दुखत नाही, ती गरोदर नाही, किडनीचं काम चांगलं आहे. म्हणजे संसर्ग मूत्राशयापुरता आहे. इथे मेरोपेनेम लिहिणं म्हणजे सलाइन लावून दिवसातून तीनदा इंजेक्शन आणि तेही अशा आजारासाठी, जो गोळीने बरा होतो. नायट्रोफ्युरँटॉइनचा १९ त्याच्या स्वतःच्या रेषेच्या वर आहे. हे औषध लघवीत साठतं, मूत्राशयापर्यंत भरपूर पोचतं. १०० मिलिग्रॅमची सस्टेन्ड रिलीज गोळी दिवसातून दोनदा, पाच दिवस. फॉस्फोमायसिनचं ३ ग्रॅमचं एकच पाकीट हा दुसरा पर्याय. आणि तिला काही त्रासच नसता, नुसता तपासणीत जंतू सापडला असता, तर औषधाची गरजच नव्हती.

आता त्याच जंतूचा दुसरा रुग्ण. बासष्ट वर्षांचे गृहस्थ, पंधरा वर्षांचा मधुमेह. थंडी वाजून ताप, कंबरेत उजवीकडे दुखणं, वरचा रक्तदाब ८८, क्रिएटिनिन २.१. लघवीबरोबर रक्ताचंही कल्चर पाठवलेलं आहे. दुसऱ्या दिवशी लॅबमधून फोन येतो, “रक्ताच्या बाटलीत ग्राम निगेटिव्ह बॅसिलाय दिसतायत.” त्याच्या पुढच्या दिवशी पूर्ण रिपोर्ट येतो, पण यात मिलिमीटर नाहीत. रक्ताची कल्चर लॅबने ऑटोमेटेड मशीनवर लावली आहेत आणि मशीन एमआयसी देतं.

एमआयसी म्हणजे जंतूची डोळ्यांना दिसणारी वाढ थांबवणारं औषधाचं कमीत कमी प्रमाण. मूळ पद्धत अशी: प्लास्टिकच्या पट्टीतल्या ओळीने मांडलेल्या छोट्या खळग्यांत पोषक द्रव घालायचा, प्रत्येक खळग्यात आधीच्या दुप्पट औषध टाकायचं: ०.२५, ०.५, १, २, ४, ८ असं. मग सगळ्यांत सारखे जंतू सोडून रात्रभर ठेवायचं. सकाळी ०.२५ चा खळगा गढूळ, ०.५ चा गढूळ, १ चा स्वच्छ दिसला तर एमआयसी १, म्हणजे मिलिलिटरमागे १ मायक्रोग्रॅम. गोलाचा व्यास आणि एमआयसी यांचं नातं उलटं असतं: एमआयसी जितकी कमी, गोल तितका मोठा. शेकडो जंतूंच्या दोन्ही चाचण्या करून आणि त्या आलेखावर मांडूनच मिलिमीटरच्या रेषा ठरवलेल्या असतात.

या गृहस्थांच्या रिपोर्टवर असं छापलेलं आहे: मेरोपेनेम ०.२५, सिप्रो ०.५, जेंटामायसिन २, पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम ८, नायट्रोफ्युरँटॉइन ३२, सेफ्ट्रायअ‍ॅक्सोन ६४ किंवा अधिक. इथे रेसिडेंटची नजर उलट्या दिशेने फसते: सर्वांत लहान आकडा शोधला जातो. पण सिप्रोची रेषा ०.२५ असल्यामुळे ०.५ इंटरमीडिएट ठरतं आणि नायट्रोफ्युरँटॉइनची रेषा ३२ असल्यामुळे ३२ सेन्सिटिव्ह. ०.५ हे ३२ च्या चौसष्टावा भाग असूनही!

कारण दोन्ही औषधं शरीरात वेगवेगळ्या प्रमाणात पोचतात. नायट्रोफ्युरँटॉइन लघवीत लिटरमागे शंभर मिलिग्रॅमच्या आसपास जाऊ शकतं, म्हणून तिथे ३२ ची पातळी ते सहज ओलांडतं. रक्तात मात्र ते लिटरमागे जेमतेम एखादा मिलिग्रॅम असतं. म्हणजे या गृहस्थांच्या रक्तातल्या ई. कोलायपुढे ‘सेन्सिटिव्ह’ लिहिलेलं नायट्रोफ्युरँटॉइन निरुपयोगी आहे. शिक्षिकेला ज्याने बरं वाटलं, त्याने यांचा जीव जाऊ शकतो. फॉस्फोमायसिनच्या पाकिटाचंही तेच. शिस्तीने काम करणाऱ्या लॅब म्हणूनच ही दोन औषधं फक्त लघवीच्या नमुन्यावर छापतात. रक्ताच्या रिपोर्टवर ती दिसलीच तर डॉक्टरने स्वतः मनातल्या मनात खोडावीत. जागेनुसार रेषा बदलल्याचं सर्वांत ठळक उदाहरण न्यूमोकॉकसचं आहे. इंजेक्शनच्या पेनिसिलिनसाठी एमआयसी १ असेल तर न्यूमोनियात तो सेन्सिटिव्ह धरतात आणि मेनिंजायटिसमध्ये रेझिस्टंट, कारण मेंदूभोवतीच्या पाण्यात पेनिसिलिन फार कमी उतरतं.

मग उरली मेरोपेनेम, जेंटामायसिन आणि पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम. जेंटाची एमआयसी २ आहे, म्हणजे नेमकी रेषेवर. एमआयसीच्या चाचणीत एक पायरी इकडे-तिकडे होणं पद्धतीतच गृहीत आहे. उद्या पुन्हा केली तर ती १ येईल किंवा ४. त्यात किडनी आधीच थकलेली. म्हणून या माणसाचा सगळा भार जेंटावर टाकता येत नाही.

पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टमचा प्रश्न जास्त अवघड आहे. एमआयसी ८ म्हणजे सेन्सिटिव्हच्या अगदी शेवटच्या पायरीवर, आणि याच जंतूच्या प्लेटवर गोल २२ आला होता, सेन्सिटिव्हच्या रेषेच्या खाली. सेफ्ट्रायअ‍ॅक्सोन रेझिस्टंट आहे, याचा अर्थ हा जंतू बहुधा ईएसबीएल नावाची एन्झाइम्स बनवतोय. टॅझोबॅक्टम ती एन्झाइम्स अडवतं, पण जंतूंची गर्दी वाढली की ते कमी पडू शकतं. मेरिनो या चाचणीत नेमका हाच सवाल तपासला गेला. सेफ्ट्रायअ‍ॅक्सोनला न जुमानणारे ई. कोलाय किंवा क्लेबसिएला रक्तात सापडलेल्या रुग्णांपैकी काहींना मेरोपेनेम दिलं, काहींना पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम. २०१८ मध्ये आलेल्या निष्कर्षात तीस दिवसांतले मृत्यू मेरोपेनेम गटात ३.७ टक्के होते आणि दुसऱ्या गटात १२.३ टक्के. नंतर ते जंतू ब्रॉथच्या मूळ पद्धतीने पुन्हा तपासले तेव्हा काहींची एमआयसी आधी नोंदवल्यापेक्षा जास्त निघाली, आणि तसे रुग्ण वगळल्यावर दोन गटांतला फरक कमी झाला. म्हणजे ‘सेन्सिटिव्ह’ हा शिक्का कोणत्या पद्धतीने मारला आहे, यावरही उपचाराचा निकाल बदलू शकतो. सीएलएसआयने २०२२ मध्ये या औषधाची रेषा खाली आणली.

या गृहस्थांना मेरोपेनेम द्यायचं, पण एमआयसी सर्वांत लहान आहे म्हणून नव्हे. ०.२५ ही त्याच्या स्वतःच्या रेषेच्या, म्हणजे १ च्या, दोन पायऱ्या खाली आहे, औषध रक्तात आणि किडनीत पोचतं, ईएसबीएल त्याला तोडू शकत नाही आणि रुग्णाची अवस्था जोखीम घेण्यासारखी नाही. डोस किडनीच्या कामानुसार ठरवायचा. पेनिसिलिनच्या कुळातल्या औषधांचा परिणाम रक्तातली पातळी एमआयसीच्या वर किती वेळ राहते यावर अवलंबून असतो. त्यामुळे डोस चुकला किंवा दोन तास उशिरा गेला, तर चांगल्या एमआयसीचा फायदा नर्सिंग स्टेशनवरच संपतो.

कधी कधी गडबड रिपोर्टमध्येच असते आणि ती वॉर्डात बसूनही ओळखता येते. क्लेबसिएला जन्मतःच अँपिसिलिनला रेझिस्टंट असतो; रिपोर्टवर तो सेन्सिटिव्ह दिसला तर जंतूची ओळख किंवा चाचणी यांपैकी काहीतरी चुकलंय. प्रोटियससमोर नायट्रोफ्युरँटॉइन सेन्सिटिव्ह असेल, तर तेच. कोलिस्टिनसमोर मिलिमीटर छापले असतील तर तो आकडा धरूच नये. त्याचा रेणू इतका मोठा आहे की तो अगारमध्ये नीट सरकत नाही, म्हणून कोलिस्टिनची तपासणी द्रवातच करावी लागते. स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि व्हँकोमायसिन या जोडीलाही चकती चालत नाही, एमआयसीच हवी.

एकाच दिवशीच्या अनेक रिपोर्टमध्ये सगळेच जंतू अचानक रेझिस्टंट दिसू लागले, तर प्लेटवर जंतू जास्त दाट पसरले गेले का, अगार जाड ओतला गेला का, चकत्यांचा डबा फ्रिजबाहेर राहिला का, हे लॅबला विचारावं. या तिन्ही कारणांनी गोल लहान होतात. लॅबकडे त्याचं उत्तर असतं, कारण ती ओळखीचा एक ई. कोलाय, एटीसीसी २५९२२, त्याच चकत्यांवर लावत असते. सेफ्ट्रायअ‍ॅक्सोनभोवती त्याचा गोल २९ ते ३५ मिलिमीटरच्या मध्येच यायला हवा. तो २५ आला असेल तर त्या दिवशीचे रुग्णांचे आकडे रोखून ठेवायला हवे होते.

रिपोर्ट हातात येईपर्यंतचे दोन दिवस काय द्यायचं, याचं उत्तर दुसऱ्या एका कागदात असतं. त्यालाही अँटिबायोग्रॅमच म्हणतात. हा रुग्णालयाचा वर्षभराचा तक्ता: अमुक जंतूंपैकी इतके टक्के तमुक औषधाला सेन्सिटिव्ह. त्यात प्रत्येक रुग्णाचा पहिलाच जंतू मोजायचा असतो. नाहीतर आयसीयूत महिनाभर असलेला एकच रुग्ण दहा वेळा मोजला जातो आणि टक्केवारी घसरते. तीसपेक्षा कमी जंतूंवर काढलेल्या टक्क्यांवर भिस्त ठेवू नये. ओपीडी, वॉर्ड आणि आयसीयू यांचे आकडे वेगळे मांडलेले असतील तर आपल्या रुग्णाचा रकाना वाचावा. आयसीएमआरचा अहवाल देशातल्या मोठ्या रुग्णालयांचं चित्र देतो, पण त्यात गंभीर रुग्णांचा भरणा असतो. तालुक्याच्या दवाखान्यातल्या जळजळीच्या तक्रारीला तो जसाच्या तसा लावला, तर विनाकारण भारी औषधं लिहिली जातात.

त्या गृहस्थांचा ताप तिसऱ्या दिवशी उतरला, रक्तदाब सुधारला, क्रिएटिनिन १.३ वर आलं. सोनोग्राफीत पू किंवा अडथळा नाही. आता घरी जायची घाई आहे आणि रेसिडेंट गोळी शोधतोय. सिप्रो इंटरमीडिएट, को-ट्रायमॉक्सझोल रेझिस्टंट, नायट्रोफ्युरँटॉइन आणि फॉस्फोमायसिन रक्तासाठी बाद. गोळी उरत नाही. तो लॅबला फोन करतो, “मॅडम, याच जंतूचं एर्टापेनेम लावून मिळेल का?” दुसऱ्या दिवशी उत्तर येतं, २६ मिलिमीटर, त्याची रेषा २२. पाचव्या दिवशी मेरोपेनेम थांबवून दिवसातून एकदाच देता येणारं १ ग्रॅम एर्टापेनेम सुरू होतं आणि सात दिवस पूर्ण होईपर्यंतचे उरलेले डोस गृहस्थ रोज ओपीडीत येऊन घेतात.